न फाटलेली पानं

काकू गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे पुण्याला गेल्या, तेव्हा त्यांनी त्यांचं मॉन्स्टेराचं झाड माझ्याकडे ठेवलं. इथे आमच्या गावातल्या मंगळवार पेठेत, आमच्याच बिल्डिंगमध्ये त्या माझ्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतात. नर्स होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दोन माणसांनी उचलून कुंडी खाली आणली आणि आमच्या हॉलच्या खिडकीशी ठेवली. पानं सुपाएवढी, सगळी कडेपासून मधल्या शिरेपर्यंत चिरलेली. खोडातून तपकिरी मुळं निघून फरशीवर लोंबत होती.

"ती कापायची न्हाईत हां," काकू म्हणाल्या. "त्यांच्याच जोरावर चढतंय त्ये."

मी हो म्हणाले. जायच्या आधी त्यांनी झाडाशेजारी उभं राहून फोटोही काढून घेतला.

दीड महिन्याने माझ्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. झाडाने एव्हाना दोन खुर्च्यांची जागा खाल्ली होती आणि ती मुळं मला घाणेरडी दिसायला लागली होती. आदल्या दिवशी मी कात्री घेतली आणि एकूणएक मुळं खोडालगत कापली. मग मध्ये एक काठी रोवली, पानांचे देठ सुतळीने काठीशी करकचून आवळले आणि कुंडी ढकलत बाथरूमजवळच्या बोळात नेली. तिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. पाहुणे आले, पोहे खाऊन गेले, त्यांचा निरोप काही आला नाही. झाड मात्र तिथेच राहिलं. मी पाणी घालत होते आणि तेवढ्यावर स्वतःचं समाधान करून घेत होते.

काकू दर रविवारी फोन करायच्या. स्वतःच्या गुडघ्याचं दोन वाक्यांत उरकून विचारायच्या, "नवं पान आलं काय? फाटलंय काय? झाड जोरात असलं की पान फाटूनच येतंय."

पानं येत होती. पहिलं जरा लहान, एकाच बाजूला दोन चिरा. दुसरं त्याहून लहान. तिसरं आणि चौथं तळहाताएवढं, अखंड, विड्याच्या पानासारखं. मी म्हणायचे, "आलंय की, मस्त आलंय." एकदा त्यांनी फोटो मागितला. त्या गेल्या त्या आठवड्यात मी नुसत्या झाडाचा काढलेला जुना फोटो पाठवून दिला. त्यांनी त्यावर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्या परत यायच्या आठवडाभर आधी मी मोबाइलवर खरे फोटो घेऊन जवळच्याच गडमुडशिंगी गावातल्या एका नर्सरीत गेले. नर्सरीवाल्याने ते मोठे करून पाहिले.

"वहिनी, ह्ये अंधारात ठेवलायसा. उजेड न्हाय, मग मोठं पान कुठनं करंल? आणि मुळं कुणी कापली?"

"मीच."

"त्यानं मरत न्हाय. पण ह्ये चढणारं झाड हाय. मुळानं धरायला कायतरी पायजे, तवा पानं मोठी हुत्यात. काथ्याचा खांब खोडाच्या पाठीमागं लावा, मुळं निघत्यात त्या बाजूला. खोड बांधा, सैल. देठ बांधू नका, पानाला उजेडाकडं वळाय येत न्हाय."

"आणि ही लहान पानं? ती नंतर फाटतील ना?"

"न्हाय. उलगडलं की त्ये तसंच ऱ्हातंय. पुढचं सुधारंल, हळूहळू."

म्हणजे लपवायला काही जागाच नव्हती. ती चार पानं एकावर एक तशीच दिसणार होती. तरी मी खांब आणून कुंडीशेजारी ठेवला, सुतळी सोडली, कुंडी खिडकीपासून थोडी आत, थेट ऊन लागणार नाही अशी ठेवली.

काकू काठी टेकत आल्या आणि चप्पल न काढताच झाडापाशी गेल्या. खोडावरच्या कापल्याच्या खुणांवरून बोट फिरवत वर वर गेल्या.

"मी गेल्यावर चार आली व्हय?"

"हो काकू. मी मुळं कापली. बोळात ठेवलं होतं. आणि तो फोटो जुना होता."

"मुळाचं काय, परत येतील," त्या म्हणाल्या. "फोटो कशाला पाठवलीस ग? मी तिथं पलंगावर पडून रोज बघत होतो त्यो."

मी चहा ठेवते म्हणाले, त्या नको म्हणाल्या. आजवर पहिल्यांदाच त्या आमच्याकडून चहा न घेता गेल्या.

दुसऱ्या दिवशी झाड वर त्यांच्या घरी गेलं. खांब बांधायला त्यांनी मलाच बोलावलं, कारण त्यांना वाकता येत नव्हतं. त्या खुर्चीत बसून सांगत होत्या, मी बांधत होते. "सैल," एवढंच त्या अधूनमधून म्हणत. पावसाळ्यात शेंड्याजवळच्या पेरातून एक मूळ निघालं आणि ओल्या काथ्यात शिरलं. त्यानंतरच्या पानाला दोन चिरा पडल्या. हे मला त्यांच्या कामवालीने सांगितलं. काकू माझ्याशी बोलतात, डबाही पाठवतात. पण झाडाचा विषय त्या माझ्यासमोर काढत नाहीत, आणि मलाही विचारायचा धीर होत नाही.