उद्दिष्ट रकमेच्या भरवशावर घेतलेलं टेबल

आमच्या विक्री विभागात एक गृहस्थ होते. कुठलंही काम सांगा, ‘शंभर टक्के’ म्हणायचे. तेच त्यांचं नाव पडलं. वर्षाची पहिली तिमाही सरल्यावर ते रुजू झाले. बायको आणि मुलगी दूर मेहुण्याकडे, आणि हे इथे एका दुकानाच्या माळ्यावरच्या खोलीत. सुटी झाली की सगळे घराकडे पळत. हे मात्र ऑफिसचा पंखा बंद होईपर्यंत बसून राहत. पगाराचं काम माझ्याकडे, म्हणून बोनसची चौकशीही माझ्याकडेच.

नेमणूकपत्रात कामगिरी बोनसची वार्षिक उद्दिष्ट रक्कम होती एक लाख वीस हजार. ती त्यांनी हातात आलेलीच धरली. दोन खोल्यांचं घर ठरवलं. लाखभर अनामत महिनाअखेर दिली, की दोघींना आणायचं. मुलीच्या अभ्यासाचं छोटं टेबल तर आणूनही ठेवलं. आमचा रोखपाल चिडवायचा, “बाजारात तुरी!” हे हसण्यावारी नेत.

हिशेब तपासून झाले, संचालकांची मंजुरी आली आणि बोनस पगारासोबत जमा झाला. दुपारी ते माझ्यासमोर येऊन बसले.

“काका, माझी विक्री तर एकशे दहा टक्के झाली. मग हे निम्म्याहून कमी कसं?”

मी समजावलं. नोकरी नऊ महिन्यांची, म्हणून मूळ आकडा नव्वद हजार. कंपनीचा नफा ठरल्यापेक्षा बराच कमी, त्यामुळे सगळ्यांनाच निम्मा धरलेला, राहिले पंचेचाळीस. त्यावर त्यांचे एकशे दहा टक्के लावले की साडेएकोणपन्नास हजार. त्यातून आयकर कापला. नफा आणखी घसरला असता, तर नियमाप्रमाणे शून्यही आलं असतं.

“पण पत्रात रक्कम छापलीय.”

“सगळं ठरल्यासारखं झालं तर मिळायची ती रक्कम. हमी फक्त दरमहाच्या पगाराची.”

ते राजीनामाच द्यायचं म्हणत होते गेल्या महिन्यात, एकटेपणाला कंटाळून, मेहुण्याच्या गावी काहीतरी बघू म्हणून. बरं झालं, थांबले. बोनस जमा होण्याच्या दिवशी नोकरीत नसलेल्याला आमच्याकडे दमडीही मिळत नाही. हेही मी सांगितलं.

जिन्याजवळ उभं राहून त्यांनी बायकोला फोन लावला. घर हातचं गेल्याचं सांगितलं. पलीकडून मुलीनं काही विचारलं असावं.

“बघू,” ते म्हणाले. ‘शंभर टक्के’ नाही म्हणाले.

पुढे एका रविवारी मी सहज त्यांच्या खोलीवर गेलो. ते मुलीच्या त्याच टेबलाशी बसून जेवत होते. गुडघे आत मावत नव्हते, म्हणून तिरके बसले होते. मला पाहून उठले, आणि एकुलती एक खुर्ची माझ्याकडे सरकवली.