तेलाच्या जाहिरातीचा आवाज

लढाईच्या वर्षांत मी सांगलीत केसांच्या तेलाची जाहिरात करायचो. गिऱ्हाईक म्हणजे साताऱ्याकडच्या फौजींच्या बायका. म्हणून गाडीवरच्या लाउडस्पीकरवर बोलायला तिशीतला, गावाकडच्या मवाळ आवाजाचा पुरुष हवा होता. पाचजणांना पडद्याआड उभं करून एकच ओळ म्हणवून घेतली : "रजा मिळाली गं, आलो बघ. तेल लावून बस." चौघे निव्वळ नाटकी, त्यांना हाकललं. पाचव्यानं अंगावर काटा आणला. मी खूश!

साताऱ्याच्या बाजारात ती ओळ घुमली आणि नवराच आला समजून एक बाई धावत आमच्या गाडीमागं आली. बोलणाऱ्याला बघताच तिचा चेहरा उतरला. मी मूर्खपणानं तेलाची बाटली पुढं केली. तिनं ती घेतली नाही. त्या माणसाला म्हणाली, "आवं, आनी एकदा बोला की."