बांध ‘मी’ फोडला

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, अक्षर जालन्याच्या मुन्सफ कचेरीत नावाजलेलं होतं, पण ते उर्दूतलं. निझामाच्या काळात ते तिथं साक्षी लिहून घेत. संस्थान गेलं, पुढं काही वर्षांनी कचेरीतली उर्दू हटू लागली आणि नवे मुन्सफसाहेब आले. ते तेलंगणाकडचे. मराठी त्यांना कळत नव्हती. साक्षीदार मराठीत बोलणार, साहेब इंग्रजीत लिहून घेणार, मधे दुभाषी पाहिजे. अण्णांना त्या जागेवर कच्चं नेमलं. इंग्रजी नीट जमलं तर पक्कं करू, असं साहेबांनी सांगितलं होतं.

अण्णांना इंग्रजी वाचता येई, अर्जातलं इंग्रजी लिहिताही येई. बोललेलं झटपट फिरवायचं म्हटलं की अडत. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते आणि व्याकरण हा माझा आवडता विषय होता. एक दिवस जेवताना ते मला म्हणाले, “पोरी, आजपासून तू मला शिकव. लाज वाटून घेऊ नको, मी पण घेत न्हाई.”

मग रोज दिवेलागणीच्या आधी ओसरीवर आमची शाळा भरू लागली. पहिला धडा प्रत्यक्ष बोलण्याचं अप्रत्यक्ष करण्याचा होता, कारण साक्षीत निम्मं तेच असतं: हा असं म्हणाला, तो तसं म्हणाला. मी आईचंच वाक्य घेतलं. आई म्हणाली, “मी उद्या राजूरला जाईन.” इंग्रजीत ते झालं, ‘मदर सेड दॅट शी वुड गो टु राजूर द नेक्स्ट डे.’

अण्णा पाटीकडं बघत राहिले. “मीची ती झाली, जाईनचं वुड झालं, उद्याचा दुसरा दिवस झाला. एवढ्याशा दॅटनं एवढी उलथापालथ?”

“हो. मूळ बोलणारा बाजूला होतो आणि सांगणारा सगळं आपल्या जागेवरून सांगतो.”

“आपल्यात तसं नसतं,” ते म्हणाले. “आई म्हणाली की मी उद्या जाईन. ‘की’ लावला तरी आई तिथंच उभी आहे. ‘मी’ तिचाच, ‘जाईन’ पण तिचंच. उर्दूत सुद्धा बराबर असंच.”

आतून आई म्हणाली, “मी जाणार का नाही ते मला विचारा आधी.”

हळूहळू अण्णांचा हात बसला. ‘पाणी दे’ म्हटलं की ते ‘टोल्ड हर टु गिव्ह’ म्हणत आणि लगेच मराठीशी ताडून पाहत: पाणी द्यायला सांगितलं, हे मात्र दोन्हीकडं सारखंच. एकदा त्यांनी मला पेचात पकडलं. “तो त्याला म्हणाला की आपण चुकलो. आता इथं ‘आपण’ म्हणजे म्हणणाराच. इंग्रजीत ‘ही टोल्ड हिम दॅट ही वॉज राँग’ केलं तर कोण चुकलं?” दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना विचारून मी सांगितलं की तिथं ‘हिमसेल्फ’ घालून बघायचं, नाहीतर सरळ माणसाचं नाव घ्यायचं. त्यांनी ते घोकून घेतलं.

माझी परीक्षा झाल्यावर अण्णा म्हणाले, “चल कचेरीत. विद्यार्थी कसा आहे ते बघ.” मागच्या बाकावर गावाकडून आलेल्या बायका होत्या, त्यांच्याजवळ मी बसले.

खटला केदारखेड्याकडचा होता. दोघा भावांच्या शेताचा बांध फुटून खालच्या शेजाऱ्याचं उभं पीक वाहून गेलं होतं. शेजाऱ्यानं दोघांवर दावा लावला होता. भाऊ वेगळे राहत होते, त्यांचे वकीलही वेगळे. धाकटा साक्षीला उभा राहिला. त्याच्या वकिलानं विचारलं, बांधाबद्दल थोरल्याशी काही बोलणं झालं का?

धाकटा म्हणाला, “झालं ना. दादा घरी आल्ता. त्यानं सांगितलं की बांध म्या फोडला.”

साहेबांनी अण्णांकडं पाहिलं. मी मनात वाक्य फिरवूनही टाकलं: ‘ही टोल्ड मी दॅट ही हॅड ब्रोकन द बंड.’ बांधाला इंग्रजीत ‘बंड’ म्हणतात एवढं माहीत असलं की सोपं होतं. पण अण्णा बोलेनात. इतक्या दिवसांची मेहनत, आणि नेमके इथंच अडले, असं वाटलं.

थोरल्याचा वकील उठला. त्याला इंग्रजी चांगलं येत होतं. तो म्हणाला, “साक्षीदार स्वतः ‘मी’ म्हणतोय. तेव्हा लिहावं की थोरल्यानं याच्यावर आरोप केला: दॅट आय ब्रोक द बंड.”

कचेरीत कुजबुज झाली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तो वकील अगदीच खोटं बोलत नव्हता. मराठीत त्या वाक्याचा तसाही अर्थ निघू शकतो. एका अर्थानं थोरला कबुली देत होता, दुसऱ्या अर्थानं धाकट्यावर ढकलत होता, आणि इंग्रजीत ‘ही’ किंवा ‘आय’ यांतलं एक निवडल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं.

अण्णा सावकाश इंग्रजीत बोलले. “सर, या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात. कोणता खरा, हे दुभाष्यानं ठरवू नये. साक्षीदाराला एक प्रश्न विचारायची परवानगी असावी.”

वकील म्हणाला, “हे त्याला उत्तर सुचवतील.”

“प्रश्न मी आधी इंग्रजीत सांगतो,” अण्णा म्हणाले. “आक्षेप असेल तर तेव्हाच घ्यावा.” आणि त्यांनी तो सांगितला. त्यात ना ‘मी’ होतं, ना ‘तो’. साहेबांनी मान हलवली.

अण्णा धाकट्याकडं वळले. “तुझ्या भावाच्या तोंडून जे शब्द निघाले, तेच जसेच्या तसे सांग. तुझं काही घालू नको.”

धाकट्यानं थोरल्याकडं एकदा बघितलं. “दादा ओट्यावर बसला अन् म्हन्ला, ‘धाकट्या, बांध म्या फोडला. तुझं नाव निघालं तरी भिऊ नको.’”

आता शंकेला जागाच नव्हती. मला वाटलं, अण्णा आता नियमाप्रमाणं फिरवतील. त्यांनी फिरवलं नाही. थोरल्याचे शब्द अवतरणचिन्हांत ठेवून त्यांनी सरळ सांगितलं: ‘यंगर ब्रदर, आय ब्रोक द बंड.’ पुढचं वाक्यही तसंच. कुठं चिन्ह उघडतं, कुठं मिटतं, तेही त्यांनी सांगितलं. साहेबांनी लिहिलं आणि विचारलं, “अप्रत्यक्ष करून काय होईल?”

“ही टोल्ड मी दॅट ही हिमसेल्फ हॅड ब्रोकन द बंड,” अण्णा क्षणात म्हणाले. “पण मग ‘धाकट्या’ ही हाक जाते, सर. आणि कोण कुणाशी बोललं, ते त्या हाकेतच आहे.”

थोरला खाली मान घालून बसला होता. दुपारच्या सुट्टीत त्यानंच आपल्या वकिलाला बाहेर नेलं. पुढच्या तारखेला त्यानं कबूल केलं आणि शेजाऱ्याशी तडजोड झाली. बांध दोघा भावांनी मिळून पुन्हा घातला, असं नंतर कानावर आलं.

त्या दिवशी काम संपल्यावर साहेबांनी अण्णांना विचारलं, हे इंग्रजी कुठं शिकलात? अण्णांनी मागं वळून माझ्याकडं हात केला. “माझी मुलगी. हीच माझी मास्तर.” साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी मला नमस्कार केला. मी इतकी गोंधळले की उलट नमस्कार करायचंही राहून गेलं.

महिन्याभरात अण्णांची नेमणूक पक्की झाली. मी पुढं शिक्षिका झाले आणि जालन्यातच मुलींना इंग्रजी शिकवलं. तो धडा आला की मी नियम शिकवीच, पण आधी एक प्रश्न विचारायला लावी: हे कोण बोलतंय? बऱ्याच मुलींची वाक्यं त्या एका प्रश्नानं सुधारली.

अण्णांनी मात्र शिकणं सोडलं नाही. पक्कं झाल्याचा कागद आला त्याच संध्याकाळी ते पाटी पुसून ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, “कर्मणी प्रयोग राहिलाय. चल, जल्दी.”