चंद्रभागाबाईंची चुंबळ

वच्छला सिस्टरांना अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत तालुक्याने सगळं दिलं, फक्त छापील नाव दिलं नाही. ग्रामीण रुग्णालयात अहवाल निघत, त्यावर डॉक्टरांची नावं येत. सिस्टरांचं नाव येई ते ड्यूटीच्या तक्त्यावर, तेही पेन्सिलीने. म्हणून पुण्याहून निघणाऱ्या परिचारिकांच्या इंग्रजी नियतकालिकात एकाच रुग्णाचा सविस्तर वृत्तान्त पाठवता येतो, आणि तो परिचारिकेनेच लिहायचा असतो, हे कळल्यावर त्यांनी घरात कुणालाही न सांगता चष्म्याचा नंबर वाढवून घेतला.

रुग्ण हाताशी होत्या. शिरूर कासारजवळच्या वाडीतल्या चंद्रभागाबाई, पन्नाशीच्या, दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या. साखर वाढलेली, आणि डाव्या तळपायाला अंगठ्याच्या मुळाशी जखम. सिस्टरांनी नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून विचारलं, लागतंय का? बाईंनी उलट विचारलं, तुम्ही सुरू कधी करणार? पायाची जाणीव गेली होती. पावलावरची नाडी मात्र दोन्ही जागी नीट लागत होती, म्हणजे रक्त पोचत होतं. त्या वर्षी पाऊस रुसलेला, रुग्णालयालाही टँकरचंच पाणी. सिस्टरांनी सलाइनने जखम धुवून, दर आठवड्याला पट्टीने मोजून, गोळ्या आणि जेवणाची वेळ लावून दिली. तीन सेंटिमीटरची जखम अकरा आठवड्यांत मिटली. दिवाळी झाली, टोळीचा ट्रक आला आणि चंद्रभागाबाई माजलगावकडे गेल्या.

मग सिस्टर लिहायला बसल्या. नियतकालिकाने खण पाडून दिले होते: रुग्णाची माहिती, तपासणीत काय आढळलं, घटनाक्रम, उपचार, पुढचा पाठपुरावा, चर्चा, रुग्णाचं मनोगत, संमती. घटनाक्रमाने त्यांना घाम फोडला. केसपेपरवर बाईंच्या तोंडच्या तारखा होत्या: 'काटा रुतला आषाढीच्या आधी', 'पू आला पंचमीला'. सिस्टरांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि सणांच्या तारखा लावल्या. लग्न जुळवतानाही त्यांनी एवढं पंचांग पाहिलं नव्हतं.

उपचाराच्या खणात त्यांनी ऐटीत लिहिलं: रुग्णाने अकरा आठवडे पायाला पूर्ण विश्रांती दिली.

जानेवारीत संपादकांचं उत्तर आलं. लेख आवडला; पण जोडलेली संमती उपचारांची आहे, छापण्याची नाही. मजकूर रुग्णाला तिच्या भाषेत समजावून, छापायला आणि पायाच्या फोटोला वेगळी लेखी संमती घ्या. मनोगताचा खणही रिकामा आहे. मुदत तीस दिवस. सिस्टरांनी कपाळाला हात लावला. उपचार सुरू करतानाचा कागद त्यांनीच जोडला होता; रुग्णालयात अंगठा म्हटला की सगळ्याला एकच, अशी आपली सवय. फोनवर अंगठा उठत नाही. शिवाय दुष्काळात ऊस कमी, सहकारी कारखान्याचा हंगाम कधीही आटोपेल आणि टोळी कुठल्या कुठे जाईल. एकोणीस दिवस सुट्टी मिळण्यात गेले. विसाव्या दिवशी, रविवारी, त्या एसटीने माजलगावला उतरल्या आणि विचारत विचारत कोप्यांवर पोचल्या.

कोप्या म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या. चंद्रभागाबाई टोळीचा स्वयंपाक आणि लहान पोरं सांभाळत होत्या. सिस्टरांनी बसायच्या आधी त्यांचा पाय पाहिला. कातडी कोरडी, अखंड. पाठपुराव्याच्या खणात एक ओळ वाढली म्हणून त्या तिथेच खुश झाल्या.

कागद निघाल्याबरोबर मुकादम मोहनराव पुढे सरसावले. टोळीच्या सगळ्या कागदांवर सही त्यांचीच असते, हीही त्यांचीच, असा त्यांचा हिशेब. बाईंचा नवरा आश्रुबा म्हणाला, पाय तिचा असला तरी बायको माझी हाय. सिस्टरांनी दोघांनाही चहा प्यायला पाठवलं आणि साक्षीदार म्हणून तोडकऱ्यांच्या मुलांसाठी चालणाऱ्या साखरशाळेतल्या शिक्षिकेला बोलावलं. तिचं ना टोळीशी देणंघेणं, ना पायाशी.

सिस्टर इंग्रजीतून मराठीत उतरवत वाचू लागल्या. नाव छापायचं नाही, गाव छापायचं नाही, 'पन्नाशीची ऊसतोड कामगार स्त्री' एवढंच, हे ऐकून बाई हिरमुसल्या.

"कावून? मी काय चोरी केली का?"

सिस्टरांनी सांगितलं की उद्या आजाराचा कागद कुणाच्याही हाती पडेल, त्यावरून कुणी तुम्हाला ओळखू नये, यासाठी हा नियम. नाही म्हणालात तरी चालेल. तुमच्या गोळ्या, तपासण्या आहेत तशाच चालू राहतील. बाईंनी मान हलवली. वाचन पूर्ण विश्रांतीपाशी आलं, आणि चंद्रभागाबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"अकरा हप्ते बसले म्हणं मी! मंग भाकरी काय तुमी येऊन थापल्या, शिष्टर?"

"मग काय केलं तुम्ही?" सिस्टरांनी विचारलं.

बाई कोपीत गेल्या आणि एक चिंधीची वळी घेऊन आल्या. डोक्यावर मोळी घेताना खाली ठेवतात तशी चुंबळ, पण तळहाताएवढी. पायाच्या मापाची. जखम मधल्या पोकळीत राहील अशी चपलेत ठेवून त्या पाणी भरत, भाकरी करत. आधी वळी पुरी गोल होती. कडेला लाल झालं, म्हणून समोरून तोंड मोकळं ठेवलं. ड्रेसिंगच्या दिवशी सिस्टर रागावतील म्हणून रुग्णालयाबाहेरच्या लिंबाच्या फांदीला अडकवून आत यायच्या. अकरा आठवडे. सिस्टर रोज त्याच लिंबाखाली डबा खात होत्या.

आता सिस्टरांपुढे पेच होता. मजकूर आहे तसा ठेवला तर आज अंगठा आणि दोन महिन्यांत छापील नाव. बदलला तर उपचाराचा खण मोडला, चर्चेचा मोडला, आणि सगळं पुन्हा दहा दिवसांत. शिवाय कबूल करायचं की आपल्या नाकाखालचं आपल्याला दिसलं नाही.

चंद्रभागाबाईंनी त्यांचा पेच वाचला. अक्षर वाचता येत नसलं तरी माणूस वाचता येत होता. "झालं तेच लिव्हा. लबाडीवर माझा अंगठा न्हाई. आन् तुमालाबी बरं वाटायचं न्हाई."

सिस्टरांनी पर्समधून पट्टी काढली आणि चुंबळ मोजली. जाडी, रुंदी, मोकळ्या तोंडाचं अंतर. तिचाही फोटो घेतला, शेजारी पट्टी ठेवून. मग 'पूर्ण विश्रांती' खोडून वर लिहिलं: रुग्ण चालत होती, जखमेवरचा भार कमी करण्यासाठी तिने स्वतः कापडी वळी वापरली, हे परिचारिकेला नंतर कळलं. ती शेवटची ओळ लिहायला त्यांना बाकीच्या दोन ओळींपेक्षा जास्त वेळ लागला. चर्चेत घातलं की एका रुग्णावरून वळीनेच गुण आला, असं म्हणता येत नाही. गोल वळी कडेला दाब आणते, म्हणून ती सरसकट सुचवू नये. पण भार हलका करणं महत्त्वाचं, आणि रुग्ण घरी काय करते हे न रागावता विचारावं. मनोगताचा खण बाईंनी बोलून भरला, सिस्टरांनी एक शब्दही सुधारला नाही. सगळं पुन्हा वाचून झालं, तेव्हा अंगठा उठला, शिक्षिकेने सही केली. एक प्रत चंद्रभागाबाईंना दिली. ती त्यांनी डाळीच्या डब्यात ठेवली.

संपादकांनी दोन स्वल्पविराम हलवून लेख घेतला. त्यांनी कळवलं की चर्चेचा भाग आधीपेक्षा बरा झाला आहे. आधीचा भाग सिस्टरांना फार आवडला होता, पण त्यांनी ते कळवलं नाही.

अंक आला तोवर टोळी गावी परतली होती. सिस्टरांनी वाडीवर जाऊन पान उघडून दिलं. वर त्यांचं नाव होतं, शाईचं. चंद्रभागाबाईंनी आपला पाय ओळखला, मग चुंबळ. तिच्या फोटोखाली बोट ठेवून विचारलं, इथं काय लिव्हलंय?

"चुंबळ. इंग्रजीत तिला शब्द नाही, म्हणून आपलाच ठेवला."

"म्हंजी तिचं नाव आलं," बाई म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या. घरातही पायात चप्पल होती, हे सिस्टरांनी पाहून घेतलं.