लोकसंख्येने की क्षेत्रफळाने

हे सांगणे मी बरीच वर्षे टाळले. कोणी विचारलेच, तर 'गर्दी बिथरली' एवढेच म्हणायचो. गर्दी नंतर बिथरली. पहिला वार माझा होता.

मानवतच्या एका शाळेत मी भूगोल शिकवायचो. सामान्यज्ञान स्पर्धेचे प्रश्न मीच काढले होते, निकालही मीच देत होतो. शेवटच्या फेरीत आमची शाळा आणि देवगाव फाट्याकडची एक शाळा बरोबरीत होती. मी विचारले, "मुंबई, दिल्ली, हैदराबाद ही शहरे मोठ्याकडून लहानाकडे लावा."

फाट्याकडची मुलगी म्हणाली, "दिल्ली, हैदराबाद, मुंबई."

"चूक," मी म्हणालो. आमच्या मुलांनी मुंबई, दिल्ली, हैदराबाद सांगितले. टाळ्या पडल्या.

तिचे शिक्षक उठून टेबलापाशी आले. "सर, शहराच्या हद्दीतली माणसं मोजली तर मुंबई पयली. जमीन मोजली तर तीच मुंबई तिसरी. तुमी काय मोजायला सांगितलं?"

मी काहीच सांगितले नव्हते. जनगणनेच्या तक्त्यातला लोकसंख्येचा रकाना बघून प्रश्न केला होता. शेजारचा क्षेत्रफळाचा रकाना दिसला नव्हता असे नाही. प्रश्न रद्द करून दुसरा विचारायचा, एवढेच काम होते. पण पुढच्या रांगेत आमचे संस्थाचालक बसलेले.

"बसा की मास्तर!" मागून कोणी ओरडले. "आता देवगाव फाटाबी मुंबईपेक्षा मोठा म्हणताल!"

सभागृह खदाखदा हसले. ते शिक्षक हसले नाहीत. "पोरीचं उत्तर बरोबर हाय. भूगोलाचे मास्तर तुमी, खोटं कशाला बोलायलात?"

भिंतीशी गुंडाळलेला नकाशा उभा होता. मी तो उचलला आणि त्याचा लाकडी दांडा त्यांच्या डाव्या कानावर हाणला. ते टेबलावर आदळले. मी पुन्हा मारले. मग आमची माणसे धावली, लाथा बसू लागल्या, खुर्च्या फेकल्या गेल्या. ती मुलगी "सर, सर" करत किंचाळत होती. नकाशावर रक्ताचा पट्टा उमटला होता.

चौकशीत मी सांगितले, त्यांनी आधी हात उगारला. संस्थाचालकांनी दुजोरा दिला. ते शिक्षक निलंबित झाले. त्यांचा डावा कान कायमचा बहिरा झाला.

निवृत्तीनंतर एकदा मानवतच्या एसटी स्टँडवर ते बाकावर बसलेले दिसले. मी शेजारी जाऊन बसलो. समोर बघतच म्हणालो, "सर, त्या मुलीचं उत्तर बरोबर होतं. प्रश्न माझाच अर्धा होता. मारायलाही मीच सुरुवात केली. मला माफ करा."

ते बसची वाट बघत राहिले. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. उठून पलीकडे जायचे आणि तेच पुन्हा म्हणायचे, एवढे माझ्याच्याने झाले नाही. जिंतूरची गाडी लागली आणि ते चढून गेले.