न विचारायचे पाचशे रुपये

जबलपुरात ओमतीच्या बाजारातले दोन-तीन दुकानदार विभावरीला 'वापसीवाली भाभी' म्हणत. तोंडावर नाही, पण ती पिशवी घेऊन पायरी चढली की आतून कुणीतरी पुटपुटायचंच, "लो, आ गईं." पिशवीत काल घेतलेली चप्पल असे, नाहीतर कुर्ता. बिल जपून ठेवलेलं, किमतीची चिठ्ठी न तोडलेली.

"साइज बराबर नहीं बैठा, भैया."

साइज बरोबर असायची. बरोबर बसत नसे ते दुसरंच काही.

घरच्यांसाठी घेतलेलं सामान ती कधी परत करत नसे. नवऱ्याचे, म्हणजे मोहनरावांचे बूट, लेकीची, दुर्वाची सायकल, सगळं निमूट घरी नांदत होतं. स्वतःसाठी काही घेतलं, की मात्र मदन महलला घरी पोचेपर्यंत रिक्षात तिच्या शेजारी आई येऊन बसायची. पांढऱ्या काठाचं सुती लुगडं, हातात रुमालात बांधलेली किल्ली. आणि विचारायची, "कितीला पडलं गं?"

आई सिहोऱ्याला राहायची. चार वर्षांपूर्वी विभावरीने पोपटी रंगाची एक रेशमी साडी घेतली होती. फोनवर आईने कौतुकाने विचारलं, "कितीला पडली गं?" विभावरीने किंमत अर्धी करून सांगितली. काहून सांगितली, तिलाही कळलं नाही. त्याच आठवड्यात आई अंगणात पडली. जबलपूरला आणलं तेव्हा दवाखान्याच्या खिडकीवर आधी अनामत भरायला सांगितली, आणि घरात तेवढे पैसे नव्हते. मोहनरावांनी भावाकडून आणले, पण तोवर विभावरी खिडकीपाशी उभी राहून मनात साडीची खरी किंमत मोजत होती. आई वाचली नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, उशिराने काही फरक पडला नाही. तिने ते ऐकलं, पण मानलं नाही. साडी अजून कपाटात होती. कपाट उघडलं की ती खालच्या खणाकडे बघायची नाही.

मोहनराव संरक्षण कारखान्यात होते, पगार बरा होता. तरी महिना कसा सरायचा कळत नसे. विभावरी महिनाभर स्वतःला आवळून धरायची, मग एका दुपारी सुटायची आणि एकदम काहीतरी घेऊन यायची. दुसऱ्या दिवशी परत.

या सगळ्याला तोंड फुटलं ते दुर्वाच्या वाढदिवसाला. पंधरा वर्षांच्या पोरीने नवे बूट घातले, आरशात बघितले आणि काढून डब्यात ठेवले.

"मम्मी, अच्छे हैं. पर रहने दो ना. बिल आहे न? वापस कर देंगे."

विभावरीने तिच्याकडे पाहिलं. पोर रागावली नव्हती, रुसली नव्हती. चेहऱ्यावर तोच ओशाळलेपणा होता, जो दुकानाच्या पायरीवर विभावरीच्या चेहऱ्यावर असे. आई आता दुर्वाच्याही शेजारी जाऊन बसली की काय, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला.

वरच्या मजल्यावर रश्मी भाड्याने राहायची. नागपूरची मुलगी, बँकेत नोकरीला. विभावरीने तिला भजी खायला खाली बोलावलं आणि भज्यांआडून सगळं सांगितलं. फक्त आईचं तेवढं नाही.

रश्मीने महिन्याचा खर्च विचारला, मग म्हणाली, "काकू, हे अंदाजपत्रक नाही, उपास आहे. उपास सुटला की माणूस दुप्पट खातो. सगळ्यात आधी अडीअडचणीचे बाजूला टाका. पगार झाला त्याच दिवशी, वेगळ्या खात्यात. दवाखान्यासाठीच. मग किराणा, फी, विमा, बचत. आणि यातच, दुधाच्या बिलासारखी, एक ओळ प्रत्येकाच्या हातखर्चाची. तुमचे पाचशे, काकांचे पाचशे, दुर्वाचे तीनशे."

"कशाचे?"

"कशाचेही. तेच तर. कोणी विचारायचं नाही, सांगायचं नाही. संपले तर पुढच्या पगारापर्यंत थांबायचं. उरले तर साठवून मोठं काही घ्या. पण घरखर्चात परत टाकायचे नाहीत."

मोहनराव भजं मोडत म्हणाले, "म्हणजे मी पानावर उडवले तरी ही बोलणार नाही? रश्मीबेटा, तू आधी काहून नाही आली आमच्याकडे?"

"हसून राहिले तुम्ही," विभावरी म्हणाली. "पाचशे रुपये असे फुकट—"

"फुकट नाहीत, काकू. बाकी सगळ्याची सोय लावून मग ठेवलेले आहेत."

पहिल्या महिन्यात मोहनरावांनी खोव्याची जिलेबी खाल्ली आणि जुन्या रेडिओला नवा पट्टा आणला. विभावरीने तिचे पाचशे गॅसवाल्याला दिले. दुसऱ्या महिन्यात चप्पल आणली. रिक्षात आई बसलेलीच होती. चप्पल परत गेली, आणि ते पैसे किराण्याच्या डब्यात.

डाळ काढायला तिने डबा उघडला, तर आत शंभराच्या तीन नोटा जास्तीच्या निघाल्या.

"दुर्वा, हे तुझे ना?"

"हां. तुम्ही पण तर डालती हो," दुर्वा वहीतून मान वर न करता म्हणाली. "मला पण बरं नाही वाटत खर्च करायला."

विभावरीने त्या नोटा दुर्वाच्या वहीवर ठेवल्या, त्यांच्या शेजारी डब्यातले स्वतःचे पाचशे मोजून ठेवले आणि म्हणाली, "चल. कपडे बदल."

ओमतीत बेबी दीदीचं बांगड्यांचं दुकान होतं. दुर्वा तिचे पैसे मुठीत घेऊन शेजारच्या दुकानात शिरली. विभावरी स्टुलावर बसली आणि हात पुढे केला.

बेबी दीदीने हाताकडे आणि मग तोंडाकडे बघितलं. "सोच लो भाभी. काँच की है. एक बार चढ़ गई तो वापसी नहीं होती. उतारने में टूटेगी."

"माहीत आहे. चढ़ाओ."

बोटं दाबत, हात चोळत बेबी दीदी एकेक बांगडी चढवू लागली. पोपटीच होत्या. विभावरीने निवडल्या नव्हत्या, नजर तिथेच गेली होती. तिसऱ्या-चौथ्या बांगडीला शेजारचं स्टूल भरलं. पांढरा काठ. रुमालातली किल्ली.

"कितीला पडल्या गं?"

विभावरीचा हात आखडला. बेबी दीदी म्हणाली, "ढीला छोड़ो."

"दोनशे चाळीस," विभावरी मनात म्हणाली. "पूर्ण सांगितले, आई. अडचणीचे बाजूला आहेत. आणि ती साडी साडेचार हजारांची होती."

आई उठून गेली नाही. किल्ली हातात फिरवत बांगड्यांकडे बघत बसली, आणि विभावरीला पहिल्यांदाच आठवलं, की आई हा प्रश्न सगळ्यांना विचारायची. भाजीवालीलासुद्धा.

घरी येताना रिक्षात तिघी होत्या. मनगट हलकं दुखत होतं, बांगड्या प्रत्येक खड्ड्याला वाजत होत्या. दुर्वाच्या मांडीवर कागदाची छोटी पिशवी होती, तोंड घट्ट मुरडलेली.

विभावरीने पिशवीकडे पाहिलं. तोंड उघडलं. जिभेवर आलेले शब्द तिचे नव्हते, आवाजसुद्धा तिचा नव्हता. तिने ओठ मिटले आणि एक चौक जाऊ दिला.

"दाखव बरं, काय घेतलंस," ती म्हणाली.