दाखवायची गोधडी

माझ्याकडे कॅमेरा नाही. बारशाला किंवा डोहाळजेवणाला गेले की कुणीतरी हटकून विचारतं, "फोटोग्राफर अजून आला नाय काय?" मी समोरच उभी असते, हातात फोन घेऊन. पूर्वी राग यायचा. आता मी म्हणते, "आलाय, जेवायला बसलाय," आणि कामाला लागते.

महाडात मोठ्या लग्नांना ड्रोनवाले येतात. माझ्या वाट्याला येतात ती घरातली कार्यं. बारसं, साखरपुडा, कुणाच्या तरी साठीचं औक्षण. सकाळी शाळेच्या ऑफिसात कारकुनी करायची आणि दुपारनंतर हे. शिवाय काढलेल्या फोटोंतले काही मी नेटवर विकायला ठेवते. तिथे जगातलं कुणीही येऊन आपल्या मासिकासाठी, जाहिरातीसाठी फोटो विकत घेतं. एकच फोटो पुन्हा पुन्हा विकला जातो आणि माझ्याकडेही राहतो. नवऱ्याला हे अजून पटलेलं नाही. "विकलं आणि तरी घरातच राहिलं, असा धंदा मी पहिल्यांदा बघतोय," असं तो येईल त्या पाहुण्याला सांगतो.

तिथे काय खपतं हे शिकायला मला बराच काळ लागला. सावित्रीवरचा सूर्यास्त कुणी घेत नाही. सूर्यास्त सगळ्यांकडेच आहेत. नाचणी पाखडणारे हात मात्र घेतात. मागे भिंतीवर दुकानाचं नाव छापलेलं कॅलेंडर दिसलं तर फोटो परत येतो. चेहरा ओळखू येत असेल तर त्या माणसाची लेखी परवानगी जोडावी लागते. म्हणून मी बहुतेक हातच घेते.

याच कारणावरून वरंधच्या वरच्या वाडीतल्या काकींची आणि माझी पहिल्याच दिवशी जुंपली होती.

काकी म्हणजे गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या बचतगटातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. भाताची कापणी-झोडणी उरकली की वाडीतल्या बायका ओटीवर बसून गोधड्या शिवतात. काकींची सून चुणचुणीत. पोलादपूरकडची, बारावी झालेली. तिने पुण्यातल्या एका साइटवर गोधड्या विकायचं जमवून आणलं आणि फोटो काढायला मला बोलावलं. मी हातांचे फोटो काढायला लागले तशी काकींनी सुईच खाली ठेवली.

"नुसतं हात? माज्या तोंडाला काय झालाय गो?"

"काकी, तोंडाला सही लागते."

"मग घे ना सही! अंगठेबहाद्दर समजतेस काय मला? चौथी पास हाय मी."

घेतली सही. चेहऱ्याचा फोटोही काढला. त्यात त्या अशा ताठ बसल्या की जणू सरपंचपदाची शपथ घेतायत. तो काही अजून विकला गेलेला नाही.

मग खरं काम सुरू झालं. गोधडीचा फोटो सोपा वाटतो, पण जमिनीवर पसरून वरून काढला की कडा वाकड्या येतात आणि आपलीच सावली पडते. म्हणून मी ओटीच्या वाशाला आडवा बांबू बांधायला लावला आणि त्यावरून गोधडी सोडली. ऊन थेट नको होतं, अंगणातून येणारा मऊ उजेड हवा होता. फ्लॅश बंद, फिल्टर बंद. लाल आहे ते लालच दिसलं पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक माल परत पाठवतं. एक पूर्ण फोटो, एक दुमडलेला, एक मागच्या बाजूचा आणि एक टाक्यांचा, अगदी जवळून.

दोन गोधड्या झाल्यावर काकी आत गेल्या आणि ट्रंकेतून तिसरी घेऊन आल्या. ती उलगडली आणि मी "अगं बाई!" म्हणाले. जुन्या लुगड्यांची, अंजिरी आणि हिरव्या रंगाची, मधोमध इरकली काठाची चौकट. रंग धुऊन धुऊन निवलेले, त्यामुळे उजेड तिच्यावर कसा अलगद बसत होता. टाक्यांचा फोटो काढताना जाणवलं की अर्ध्या भागातले टाके बारीक आणि घट्ट आहेत, उरलेल्या अर्ध्यात जरा ढिले. मी विचारलं, "इथे दुसऱ्या कुणी शिवलंय का?" काकी नुसत्या हसल्या. मला वाटलं, गटातलीच कुणीतरी असेल. टाक्यांचा तो फोटो सुनेला दाखवून, दोघींना विचारून मी नेटवरही विकायला ठेवला.

पंधरवड्याने सुनेचा फोन आला. आवाज पडलेला.

"ताई, पहिली ऑर्डर आली."

"मग रडतेस कशाला?"

"ती अंजिरी मागितलीय. मी तिन्ही साइटवर टाकल्या होत्या. ती विकायची नव्हती, हे आईंनी आत्ता सांगितलं."

मी खरोखर डोक्याला हात लावला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर एसटी पकडून वरंध गाठलं आणि वाडी चढले. सगळा वेळ मनात काकींशी भांडत होते. ओटीवर पाय ठेवता ठेवता तोंडही सुटलं. "अहो काकी, विकायची नव्हती तर बांबूवर चढवलीत कशाला?"

काकी शांत होत्या. म्हणाल्या, "फोटूला चांगली नको काय?"

 हे तर मी दर कार्याला बघते. डोहाळजेवणाला शेजारणीचा हार गळ्यात असतो, बारशाला पाळण्यावरची चादर जावेकडून आणलेली असते. साखरपुड्याला सोफा सुद्धा समोरच्या घरातून उचलून आणतात आणि फोटो झाला की परत नेऊन ठेवतात. फोटोला आपल्याकडचं, नसलं तर दुसऱ्याकडचं, पण सगळ्यांत चांगलं मांडायचं, ही आमच्याकडची रीतच आहे. त्यात कुणाला फसवायचं नसतं. घरी पाहुणा आला की आपण फुटका कप काढतो का? काकींनी तेच केलं. पण साइटवर फोटोखाली स्पष्ट लिहिलेलं असतं, दिसते तीच वस्तू मिळेल.

मग कळलं, ते बारीक टाके काकींच्या आईचे होते. काकींचं लग्न ठरल्यावर मायलेकी ओटीवर समोरासमोर बसून दोन्ही बाजूंनी शिवत आल्या होत्या. आई कधीच गेली. लुगडी तिचीच.

"ज्यांनी मागवलीय त्यांना कळवू," मी म्हणाले. "चूक झाली, दुसरी देतो म्हणून लिहू. नाहीतर नाही म्हणू."

सून म्हणाली, तिने साइटवाल्यांना फोन केला होता. ऑर्डर रद्द करता येते, पण नव्या विक्रेत्याने पहिलीच ऑर्डर रद्द केली की त्याचा माल यादीत तळाला जातो, कुणाला दिसतच नाही. गोधडी मागवणाऱ्या बाईंनाही कळवून झालं होतं. दुसऱ्या दोन्ही गोधड्यांचे फोटो पाठवून झाले होते. बाई सभ्य होत्या. त्यांनी लिहिलं होतं, फोटोतली तीच हवी, नसेल तर राहू द्या. त्यांचंही काय चुकलं?

"दिऊन टाकायची," काकी म्हणाल्या. "दाखवली मी. चार लोकांत दाखवून मग नाय बोलायचा, ही कुठली रीत? आणि ह्या बायांनी गेलं दोन म्हयनं बोटं फोडून घेतलीत. माज्या एका वाकळंपायी सगळ्यांचा धंदा बुडवू काय?"

 मी म्हणाले, "मी तिचा मोठा फोटो छापून देते. भिंतीवर लावा."

काकींनी माझ्याकडे असं बघितलं, की वाटलं आता शिवी येणार.

"फोटू पांघरता येतो काय गो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या टाक्यांचा फोटो तोवर नेटवर खपायलाही लागला होता. कुठल्या तरी देशात कुणाच्या तरी पुस्तकाच्या पानावर काकींच्या आईचे टाके छापले जातील, ते माझ्या फोनमध्येही राहतील, आणि या घरात मात्र राहणार नाहीत. नवऱ्याची ती थट्टा मला त्या क्षणी अजिबात हसू आणणारी वाटली नाही.

काकींनी गोधडी चटईवर पसरली आणि घडी घालायला बसल्या. चेहऱ्यावर काही नाही. फक्त त्या घडी घालत आणि पुन्हा मोडत होत्या, कडा जुळत नाहीत म्हणून. कडा तर चांगल्या जुळत होत्या. सून खोकं घेऊन दारात उभी होती. बराच वेळ उभी होती. मग तिने खोकं खाली ठेवलं.

"आई, एक विचारू? तुमच्यामागं ही कुणाची?"

मी दचकले. सासूला हे असं तोंडावर कोण विचारतं? काकींना मुंबईत दोन मुली. आईची वस्तू लेकीला जाते, हे काय सांगायला हवं?

काकींनी घडी तशीच धरून ठेवली. "आता ह्यो काय इषय?"

"सांगा ना. कुणाची?"

 ही पोर लग्न होऊन आली त्या थंडीत काकींनी तिला कोणती गोधडी दिली होती, मला माहीत नाही. इतकंच कळलं की आजवर या घरात हा विषय निघालेला नव्हता, आणि सुनेचा हात दाराच्या चौकटीवर घट्ट आवळलेला होता.

"पोरी येतात चार दिस सणाला," काकी हळू म्हणाल्या. "माजं पाय कोण चेपतंय? तुजीच की. आणि कुणाची?"

सुनेने कमरेचा फोन काढला. अंगठ्याने दोनदा काहीतरी दाबलं आणि तो माझ्यापुढे धरला. ऑर्डर रद्द झाली होती.

"काय केलंस गो!" काकी ओरडल्या. "तुला कोणी सांगितलान? सगळं तळाला जाईल ना आता!"

"जाऊ दे तळाला. खालून वर येऊ." तिची मान वर होती. "माझी हाय ना? मग मला न विचारता माझी गोधडी विकायला तुम्ही कोण?"

काकींनी तिला मारायला हात उगारला. तो हात तसाच तिच्या डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला.